निकाल जिंकलात, आता शेवटचं पान वाचा

परळच्या जनरल नागेश मार्गावर पुरवठा भवनाची इमारत आहे. दक्षिण मुंबई आणि मध्य मुंबई या दोन्ही जिल्हा ग्राहक आयोगांचं कामकाज तिथूनच चालत आलं आहे. त्यामुळे तक्रार गिरगावातली असो की दादर-लालबागची, निकालाची प्रत घेऊन माणूस त्याच दारातून बाहेर पडतो. प्रत बारा-पंधरा पानांची असते. पहिली दहा-बारा पानं तक्रारदाराचं म्हणणं, समोरच्याचं म्हणणं, पुरावे आणि कारणमीमांसा यांत जातात. शेवटी ठळक अक्षरात ‘आदेश’ किंवा ‘अंतिम आदेश’ असं लिहून पाच-सहा कलमं येतात. वकील मंडळी याला ऑपरेटिव्ह पार्ट म्हणतात.

लोक आधीची पानं मन लावून वाचतात, कारण त्यांत आपली बाजू खरी ठरलेली असते. पैसे मात्र शेवटच्या पानावरून मिळतात. कारणमीमांसेत आयोगाने ‘तक्रारदार व्याजास पात्र आहे’ असं म्हटलं आणि आदेशाच्या कलमांत व्याजाचा उल्लेखच राहून गेला, तर वसुलीच्या वेळी ते व्याज मागता येत नाही. अंमलबजावणी करणारा आयोग आदेशात आहे तेवढंच करून देतो. आदेशात स्वतःहून भर घालण्याचा अधिकार त्याला नाही.

म्हणून प्रत हातात आल्या दिवशीच ती कलमं एकेक करून तपासावीत. कशी, ते एका नमुन्यावरून पाहू. पुढची माणसं आणि आकडे मी रचलेले आहेत. भाषा मात्र आपल्या आयोगांच्या मराठी आदेशांत रोज दिसते तशीच ठेवली आहे.

लालबागच्या एका बाईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आजार आधीपासूनचा होता, असं कारण देऊन विमा कंपनीने दावा फेटाळला. बाईंनी 5 सप्टेंबर 2023 रोजी कंपनी आणि पॉलिसी विकणारी बँक या दोघांविरुद्ध तक्रार केली. 10 जून 2025 रोजी आदेश झाला तो असा:

1. तक्रार अंशतः मंजूर करण्यात येते.
2. सामनेवाले क्र. 1 यांनी तक्रारदारास रु. 2,00,000/- ही रक्कम दि. 01/04/2022 पासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह द्यावी.
3. सामनेवाले क्र. 1 यांनी तक्रारदारास मानसिक व शारीरिक त्रासापोटी रु. 25,000/- व तक्रारीच्या खर्चापोटी रु. 10,000/- द्यावेत.
4. सामनेवाले क्र. 2 यांचेविरुद्ध तक्रार खारीज करण्यात येते.
5. आदेशाची पूर्तता आदेशाची प्रत प्राप्त झाल्यापासून 45 दिवसांत करावी. तसे न केल्यास कलम 3 मधील रकमेवर आदेशाच्या दिनांकापासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत द.सा.द.शे. 6 टक्के व्याज देय राहील.
6. आदेशाच्या प्रती उभय पक्षांना निःशुल्क देण्यात याव्यात.

पहिल्या कलमातला ‘अंशतः’ हा शब्द वाचून पुष्कळांचा चेहरा पडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तक्रारीत पाच लाख नुकसानभरपाई मागितली आणि पंचवीस हजार मंजूर झाली, की तक्रार अंशतः मंजूर झाली असं लिहितात. किती मिळालं ते पुढच्या कलमांत कळतं.

त्याआधी ‘सामनेवाले क्र. 1’ आणि ‘क्र. 2’ कोण, ते पहिल्या पानावर जाऊन पाहा. इथे बँकेविरुद्ध तक्रार खारीज झाली आहे, म्हणजे बँकेकडे एक रुपयाही मागता येणार नाही. काही आदेशांत ‘वैयक्तिकरित्या व संयुक्तिकरित्या’ असे शब्द असतात. तेव्हा संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. आपसांत वाटणी कशी करायची, ते त्यांचं ते पाहतील. बिल्डरच्या प्रकरणांत याला फार महत्त्व असतं. फर्म रिकामी झालेली असते आणि भागीदार मात्र बऱ्या स्थितीत असतात. भागीदारांचे क्रमांक त्या कलमात आहेत की नाहीत, यावर वसुलीचं भवितव्य ठरतं.

आता व्याज. दोन लाखांवर वर्षाला नऊ टक्के म्हणजे 18,000 रुपये. हे सरळव्याज असतं. आदेशात चक्रवाढ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर व्याजावर व्याज धरू नये. घरच्या हिशेबात ते धरलेलं असलं की कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला सगळा तक्ता चुकीचा ठरवतो. दर मात्र प्रत्येक प्रकरणात वेगळा असू शकतो. सगळ्यांना सरसकट 18 टक्के देणं योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत सांगितलं आहे. तेव्हा शेजाऱ्याला बारा टक्के मिळाले आणि मला नऊच का, असं म्हणत अपिलात जाण्याआधी फरकाची रक्कम काढून पाहावी. बहुतेक वेळा ती अपिलाच्या खर्चालाही पुरत नाही.

माझ्या मते दरापेक्षा तारीख अधिक महत्त्वाची, आणि नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. व्याज पैसे भरल्याच्या तारखेपासून, दावा नाकारल्याच्या तारखेपासून, तक्रार दाखल केल्यापासून किंवा आदेशाच्या तारखेपासून सुरू होऊ शकतं. आपल्या नमुन्यात 1 एप्रिल 2022 ही दावा नाकारल्याची तारीख आहे. तिच्याऐवजी ‘तक्रार दाखल दिनांकापासून’ असं असतं, तर व्याज 5 सप्टेंबर 2023 ला सुरू झालं असतं आणि बाईंचे सुमारे 25,700 रुपये कमी झाले असते. दर तोच, मुद्दल तेच. शेवटची तारीखही बघा. ‘प्रत्यक्ष अदायगीपर्यंत’ असेल तर पैसे हातात पडेपर्यंत व्याज चालतं. ‘आदेशाच्या दिनांकापर्यंत’ असेल तर ते तिथेच थांबतं, आणि पुढे उशीर झाला तर काय, हे मुदतीच्या कलमात शोधावं लागतं.

कलम 3 मधल्या पस्तीस हजारांवर ठरलेल्या मुदतीत व्याज नाही. त्रासापोटीची रक्कम आणि खर्च एकरकमी असतात. ही रक्कम लहान दिसते म्हणून लोक नाराज होतात. पण व्याज हीदेखील एक प्रकारची भरपाईच आहे, असं आयोग धरतात. एकाच कसुरीसाठी वेगवेगळ्या मथळ्यांखाली भरपाया देत जाऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली डीएलएफ होम्स पंचकुलाच्या प्रकरणात म्हटलं. तेव्हापासून मोठ्या व्याजासोबत मोठी भरपाई असा आदेश मिळणं अवघड झालं आहे.

आता मुदत. ‘आदेशाच्या दिनांकापासून 45 दिवस’ आणि ‘प्रत प्राप्त झाल्यापासून 45 दिवस’ यांत पुष्कळ अंतर पडू शकतं. दुसऱ्या प्रकारात प्रत कंपनीला कधी मिळाली, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. आयोगाची प्रत टपालाने जाते, पण तिच्यावर विसंबू नये. आपल्या प्रतीची झेरॉक्स कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवावी. सोबत एका पानाचं पत्र जोडून त्यात आदेशाचा क्रमांक, रकमेचा हिशेब आणि आपल्या बँक खात्याचा तपशील द्यावा. टपालाची पावती आणि पोच झाल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवावी. खात्याचा तपशील मिळाला नव्हता म्हणून रक्कम देता आली नाही, ही सबब मी इतक्यांदा ऐकली आहे की ती आधीच बंद केलेली बरी.

समजा कंपनीला प्रत सोमवारी, 23 जून 2025 रोजी मिळाली. 45 दिवस मोजले की 7 ऑगस्ट येतो. त्या दिवशी कंपनीने किती द्यायला हवं? 1 एप्रिल 2022 पासून 31 मार्च 2025 पर्यंत पूर्ण तीन वर्षं, त्यांचे 54,000. पुढे 1 एप्रिल ते 7 ऑगस्ट 2025 हे 129 दिवस. वर्षाचे 18,000 भागिले 365, गुणिले 129, म्हणजे 6,362. व्याज एकूण 60,362 झालं. त्यात मुद्दल दोन लाख आणि त्रास व खर्चाचे पस्तीस हजार मिळवले की 2,95,362 रुपये होतात. हा हिशेब कागदावर याच क्रमाने मांडावा. तीन ओळींचा तक्ता आयोगापुढे चालतो, त्यासाठी सीए लागत नाही.

गडबड होते ती पुढे. कंपनी 7 ऑगस्टला 2,35,000 चा चेक पाठवते, व्याज गाळून. सोबत छापील पावती असते. ‘पूर्ण व अंतिम समाधानापोटी रक्कम मिळाली’ असं तिच्यावर असतं आणि खाली सहीची जागा. ती सही करू नये. चेक मात्र परत पाठवू नये, तो भरावा. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावं, की रक्कम हक्क राखून स्वीकारली असून आदेशाप्रमाणे 60,362 रुपये येणे बाकी आहेत.

ही बाकी केवळ व्याजाची आहे आणि व्याजावर व्याज नाही, म्हणजे घड्याळ थांबलं, असं कंपनी म्हणेल. ते बरोबर नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत आलेली रक्कम आधी व्याजाकडे, मग खर्चाकडे आणि उरलेली मुद्दलाकडे वळवतात. आदेशातच वेगळं काही लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. ग्राहक आयोगाच्या आदेशाची वसुलीही 2019 च्या कायद्याच्या कलम 71 नुसार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 प्रमाणेच होते. तेव्हा 2,35,000 मधून आधी 60,362 व्याज फिटलं, मग पस्तीस हजार फिटले आणि राहिलेले 1,39,638 मुद्दलात गेले. मुद्दल 60,362 शिल्लक राहिलं आणि त्यावर नऊ टक्के, म्हणजे दिवसाला जवळजवळ पंधरा रुपये, पुढे चालू राहिले. आकडा तोच, पण कंपनीच्या मते ते थकलेलं व्याज आहे आणि आपल्या मते मुद्दल. आपलं पत्र या पद्धतीने लिहिलेलं असलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगतो. कंपनीने पूर्ण रक्कम आयोगात जमा केली आणि तशी नोटीस आपल्याला दिली, तर नोटीस पोहोचल्यावर व्याज थांबतं. मग ती रक्कम उचलायला आपण महिनोन्‌महिने लावले, तर नुकसान आपलंच.

मुदत चुकली तर काय, हे पाचव्या कलमात आहे. तिथे दोन गोष्टी पाहायच्या: दंडाचं व्याज कोणत्या रकमेवर आणि कोणत्या तारखेपासून. आपल्या नमुन्यात दोन्ही स्पष्ट आहेत. पुष्कळ आदेशांत मात्र नुसतं ‘अन्यथा 12 टक्के व्याज देय राहील’ एवढंच असतं. नऊऐवजी बारा की नऊवर आणखी बारा? मूळ तारखेपासून की मुदत संपल्यापासून? अशा मोघम ओळीचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो आणि वसुलीत दोन-चार तारखा त्या वादात जातात.

अशी संदिग्धता किंवा उघड चूक दिसली तर उपाय आहे, पण त्याची मुदत फार कमी आहे. नोंदींवरूनच दिसणारी चूक असेल तर कलम 40 खाली त्याच जिल्हा आयोगाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, तोही आदेशापासून 30 दिवसांत. चुकीची तारीख, बेरजेतली गफलत, कारणमीमांसेत मान्य केलेलं व्याज आदेशात राहून जाणं, ही त्याची उदाहरणं. दर कमी दिला, भरपाई कमी दिली, या तक्रारी पुनर्विलोकनात चालत नाहीत. त्यांच्यासाठी कलम 41 खाली राज्य आयोगाकडे 45 दिवसांत अपील करावं लागतं. आपल्या नमुन्यात पुनर्विलोकनाची मुदत 10 जुलैला संपते आणि अपिलाची 25 जुलैला. कंपनीला पैसे द्यायला मात्र 7 ऑगस्टपर्यंत वेळ आहे. कंपनी किती देते ते पाहू आणि मग आदेश नीट वाचू, असं म्हणणाऱ्यासाठी दोन्ही दारं तोवर बंद झालेली असतात. पुरेसं कारण दाखवलं तर उशिरा केलेलं अपील राज्य आयोग दाखल करून घेऊ शकतो. पुनर्विलोकनाच्या कलमात मात्र तशी सवलत लिहिलेली नाही.

अपील कंपनीही करू शकते, आणि ‘आम्ही अपिलात गेलो आहोत’ असं सांगून ती अनेकदा वेळ काढते. तिला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, स्थगिती मिळाली आहे का? नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही, त्यासाठी राज्य आयोगाचा स्थगिती आदेश लागतो. दुसरा, पन्नास टक्के रक्कम भरली का? 1986 च्या जुन्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा 25,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती भरली की काम भागायचं. नव्या कायद्यात ही पंचवीस हजारांची मर्यादा गेली. देय रकमेच्या निम्मे जमा केल्याशिवाय कंपनीचं अपील विचारात घेता येत नाही. आपल्या नमुन्यात म्हणजे दीड लाखाच्या आसपास. अपील फेटाळलं गेलं की या जमा रकमेवर आपला हक्क सांगण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे पैसे तसेच पडून राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

स्थगिती नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी पुरवठा भवनात पुन्हा जावं लागतं आणि दरखास्त करावी लागते. दोन वाटा आहेत. कलम 71 ची दरखास्त पैशांसाठी आहे. कंपनीचं बँक खातं, गाडी, कार्यालयातलं सामान, स्थावर मालमत्ता यांवर जप्ती मागता येते. त्यासाठी मालमत्तेचा तपशील आपल्यालाच द्यावा लागतो. प्रीमियमचा चेक ज्या खात्यात वटला त्याचा तपशील आपल्या बँक स्टेटमेंटमध्ये असतो, सुरुवात तिथून करावी. कलम 72 ची वाट शिक्षेची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25,000 ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड तक्रारदाराच्या खात्यात येत नाही. वॉरंटच्या धाकाने लोक पैसे आणून देतात हे खरं आहे, म्हणून वकील बहुधा 72 चा आग्रह धरतात. पण समोरचा पक्का निगरगट्ट असेल तर 71 ची जोड हवीच. जुन्या कायद्यात रकमेच्या वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे दाखला मिळायचा. नव्या कायद्याच्या कलम 71 मध्ये ती तरतूद नाही, त्यामुळे नव्या प्रकरणात कोणी ‘कलेक्टरचा दाखला काढू’ म्हणालं तर तो कोणत्या कायद्याखाली, हे विचारून घ्या.

दिवाळखोरीची ढालही आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. मुंबईतल्या ईस्ट अँड वेस्ट बिल्डर्सच्या प्रकरणात ताबा देण्याचे आदेश पाळले नाहीत म्हणून राष्ट्रीय आयोगाने 27 दंड बसवले होते. मालकाच्या वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला आहे, म्हणून दंडाची कारवाई थांबवा, अशी मागणी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2025 रोजी ती फेटाळली. मात्र हा निकाल दंडापुरता आहे. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर आपल्या रकमेचा दावा तिथल्या व्यावसायिकाकडे मुदतीत नोंदवावा लागतो, आणि आदेशाची प्रमाणित प्रत तिथेही मागतात.

कपाटात जुना आदेश पडून असेल तर तोही काढून बघा. 2002 च्या दुरुस्तीनंतर जुन्या कायद्याच्या कलम 25 मध्ये ‘अंतरिम आदेश’ असे शब्द आले होते, आणि त्यांचा आधार घेऊन अंतिम आदेशाची त्या कलमाखाली वसुली होत नाही, असा युक्तिवाद वर्षानुवर्षं चालला. पुण्याच्या पाम ग्रोव्ह्ज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. 15 मार्च 2003 ते 20 जुलै 2020 या काळासाठी ते शब्द ‘कोणताही आदेश’ असे वाचायचे आहेत. या काळातल्या आदेशावर दरखास्त केली होती आणि ती याच मुद्द्यावर अडकली होती, असं असेल तर प्रकरण क्रमांक घेऊन वकिलाला भेटा. सोबत तेव्हाच्या दरखास्तीवरचा शेवटचा रोजनामा न्यावा. ती फेटाळली गेली की नुसती निकाली काढली, हे त्यातूनच कळतं आणि पुढचा अर्ज कोणता करायचा ते त्यावर ठरतं.